पहिल्यांदा एकटीने बँकेत : तुमचे अनुभव

पहिलं खातं उघडताना कुठे अडलात, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

२०२३, दिवाळीनंतर. शिष्यवृत्तीसाठी खातं हवं होतं. चोपड्याला बसमधून उतरले, ओढणीच्या गाठीत पाचशेची नोट, पिशवीत आधार, पॅन, फोटो. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "सोबत कोण?" "कोणी नाही." तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फॉर्म भरला, पण ओटीपी गेला वडिलांच्या मोबाईलवर. आधार काढताना त्यांचाच नंबर दिलेला. वडील कापसात, फोन बांधावरच्या पिशवीत. मग अंगठा लावायचा ठरलं. कापूस वेचून बोटं घासलेली, मशीन तीनदा नाही म्हणालं. मागे उभ्या आजी म्हणाल्या, "माय व, हात धुई ये, मधलं बोट लाव." मधल्या बोटाने काम झालं.

चार महिने पैसे आले नाहीत. मी शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्यात ते पडत होते.

रावेरची_सून : म्हणजे तू आधार लिंक केलं नसशील. लिंक केलं की पैसे तिथेच येतात.

धागाकर्ती : केलं होतं ताई, पासबुकासोबत पावतीही आहे.

निवृत्त_कॅशियर : सूनबाईंचं अर्धं बरोबर. आधार खात्याला जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे कुठे पाठवायचे याची नोंद वेगळी. ती एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते आणि एका आधारावर एकाच बँकेची. जिची नोंद शेवटची, पैसे तिच्याकडे. खातं उघडताना त्याची संमती वेगळी द्यायची असते, घाईत तो रकाना कोराच राहतो. myAadhaar वर Bank Seeding Status बघा, बँकेचं नाव दिसेल. अंगठा लागलाच नाही तर मूळ आधार दाखवून, सही केलेली झेरॉक्स देऊनही खातं निघतं.

पारोळ्याचा_भाऊ : माझं पीककर्ज दोन महिने अडकलंय, सातबारा ऑनलाइन दिसत नाही. काय करू?

निवृत्त_कॅशियर : भाऊ, इथे खातं उघडण्याचं चाललंय. तलाठ्याला गाठा.

नंदुरबारची_पोर : माझ्याकडे पॅन नव्हतं, परत पाठवलं. दुसऱ्या शाखेत फॉर्म ६० भरून घेतला. मग म्हणाले, हजार रुपये ठेवावे लागतील. शून्य शिल्लकीचं मागितलं तर "ते खातं आता बंद झालंय".

निवृत्त_कॅशियर : बंद नाही झालेलं. बेसिक बचत खातं म्हणा, लेखी अर्ज द्या. त्याच बँकेत दुसरं बचत खातं असेल तर मात्र ते बंद करावं लागतं.

रावेरची_सून : लेखी दिलं तरी उद्या या म्हणतात हो. बसचं भाडं कोण देणार?

धागाकर्ती : नंदुरबारवाली, मग तू हजार भरलेस की अर्ज दिलास?

नंदुरबारची_पोर : भरले. आईच्या बचत गटाचे होते, अजून फेडते आहे.