मदत हवी आहे: एक्स-रेत गोल वस्तू दिसतेय, सकाळपर्यंत थांबू का?

ओवीची_आई (संध्या. ७:१०)
मुलगी वीस महिन्यांची. दुपारी चारच्या सुमारास खेळता खेळता ठसका लागला, उमासे आले, मग शांत झाली. आता लाळ गळतेय, दूध तोंडात घेऊन परत बाहेर काढतेय. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले नाणं आहे, दोन-तीन दिवसांत शीतून पडेल. भाच्याचं तसंच पडलं होतं म्हणून घरी आलो. पण फिल्म पुन्हा बघितली तर वस्तू पोटात नाहीच, मानेच्या खाली, कॉलर बोनच्या पातळीला आहे. शिवाय कडेच्या आत आणखी एक बारीक गोल रेघ दिसते. सकाळी दुसरीकडे दाखवलं तर चालेल का?

मंदार_क
ताई, घाबरू नका. गिळलेली नाणी बहुतेक पडतातच. आमच्या मुलाचं पाचव्या दिवशी पडलं. शी तपासत राहा.

शलाका
मंदार, तुमच्या मुलाचं नाणं जठरात पोचलं होतं. हे अन्ननलिकेत अडकलंय. ओवीची आई, मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात काम करते. आत्ता निघा. नाण्याची कड एकसारखी असते, आत दुसरी रेघ नसते. ती रेघ बटण सेलच्या, म्हणजे चपट्या गोल बॅटरीच्या, दोन भागांच्या सांध्याची असते. बाजूने काढलेली फिल्म असेल तर सेलच्या कडेला पायरीसारखा टप्पाही दिसतो. नाणंच असतं तरी लाळ गळत असताना मी थांबा म्हटलं नसतं. सेल असेल तर दोन तासांतही खोल जखम होते, आणि तुमचे तीन तास गेलेत.

जिथे लहान मुलांना भूल देऊन दुर्बिणीतून वस्तू काढतात अशाच ठिकाणी जा. फोन करून 'अन्ननलिकेत बटण सेल' असे शब्द वापरा. ओकारी काढू नका, दूध-अन्न बंद. वर्ष पूर्ण झालंय आणि बारा तास उलटलेले नाहीत, तेव्हा वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र ती गिळू शकत असेल तरच, आणि मधासाठी एक मिनिटही थांबू नका.

सदू
पण सेल जुना, संपलेला असेल तर त्यात करंट कुठला उरणार?

शलाका
उरतो. तीन व्होल्टचा लिथियम सेल वस्तू चालवायला कमी पडला तरी जखम करण्यापुरता पुरतो. सेल फुटून आतलं रसायन गळतं असं लोक समजतात, पण मुख्य नुकसान वेगळंच. ओल्या अन्ननलिकेत दोन्ही बाजू भिंतींना चिकटतात, प्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होतं. ते मांस विरघळवत आत जातं. जठरात सेल हलत राहतो, एकाच जागी दाबून बसत नाही. जागेवरून घाई ठरते ती यासाठी.

निशिगंध
मग माझ्या मुलाचा सेल जठरात होता, घरी पाठवलं, ते चूक होतं का?

शलाका
सरसकट चूक म्हणणार नाही. मूल ठीक असेल तर बरेच जण पुन्हा एक्स-रे काढून वाट बघतात. पण पाच वर्षांखालचं मूल आणि वीस मिलिमीटरचा सेल असेल तर काही डॉक्टर तरीही दुर्बीण घालतात, कारण खाली उतरण्याआधी तो वर किती वेळ अडकला होता हे कुणालाच माहीत नसतं. आमच्याच विभागात यावर दोन मतं आहेत.

ओवीची_आई (दुसऱ्या दिवशी, दु. १:४०)
रात्री साडेनऊला काढला. सेलच होता, वजनकाट्यातला. झाकणाचा स्क्रू कधीतरी पडला होता, ते आमच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टरांनी वाटीत दाखवला, एक बाजू चकचकीत, दुसरी काळी पडलेली. काळी बाजू पुढे, श्वासनलिकेकडे होती. तिथे भाजलंय, भोक दिसलं नाही. अजून तोंडाने काही नाही. आवाज घोगरा आहे, तो भुलीच्या नळीमुळे की सेलमुळे ते आज सांगता येत नाही म्हणाले. शलाकाताई, घरी सोडल्यावर काय बघू?

शलाका
सेल निघाला तरी जखम काही दिवस खोल जात राहते, म्हणून पहिले काही आठवडे जपायचे. उलटीत किंचित रक्त किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, मग ती कितीही खेळत असो, लगेच तिथेच परत न्या. शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत जखम पोचली तर पहिला रक्तस्राव थोडासाच असू शकतो. पाणी पिताना ठसका लागला, घशात घरघर झाली तरी कळवा. अन्ननलिका नंतर आकसते का, ते औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत कळेल. तो कधी काढायचा हे आजच विचारून घ्या.

ओवीची_आई
विचारलं. पुढच्या आठवड्यात, तोवर नाकातल्या नळीतून दूध. त्यात काय दिसलं ते इथेच लिहीन.