जबड्याखालची दाढी गुळगुळीत होत नाही आणि वर पुटकुळ्या, काय चुकतंय?

खुंटच_खुंट
नमस्कार मंडळी, दाढीबद्दल सल्ला हवाय. कामामुळे रोज सफाचट राहावं लागतं. गालांचा काही प्रश्न नाही, तिथे एका हातात काम होतं. त्रास आहे तो जबड्याच्या हाडाखाली, विशेष करून डाव्या बाजूला, गळ्यापर्यंत. सकाळी सातला दाढी केली की दुपारी हात फिरवल्यावर तिथे खरखर लागते आणि वरून लाल बारीक पुटकुळ्या पण येतात. म्हणजे दाढी नीट होत पण नाही आणि कातडी सोलून पण निघते, दोन्हीकडून मार.

माझी पद्धत अशी: दात घासले की लगेच गार पाण्याने तोंड ओलं करतो, डब्यातला फोम लावतो, कातडी बोटाने चांगली ताणून धरतो आणि पाच पात्यांचा कार्ट्रिजवाला रेझर गळ्याकडून वर जबड्याकडे ओढतो. राहिलं वाटलं की परत तिथेच चार पाच वेळा. कार्ट्रिज महिनाभर चालवतो. काय बदलू?

उलटा_हात
पहिलं काम, ते पाच पात्यांचं काढून टाका आणि साधा एका पात्याचा सेफ्टी रेझर घ्या. मी ११ वर्षं तोच वापरतोय, एक पुटकुळी नाही. आणि पातं महिनाभर?? पाच सहा दाढ्या झाल्या की बदलायचंच, पातं ओढायला लागलं म्हणजे ते गेलंच समजा. बाकी तुमची पद्धत बरोबर आहे, उलटी दाढी केल्याशिवाय गुळगुळीत होतच नाही. कातडी अजून घट्ट ताणा, थोडा जोर द्या आणि शेवटी तुरटी फिरवा, विषय संपला.

सुबक
जबडा उठून दिसायचा असेल तर दाढीची खालची रेघ फार वर घेऊ नका. कंठमण्याच्या दोन बोटं वर रेघ धरायची आणि तिथून दोन्ही कानांच्या मागे हलका गोलाकार न्यायचा. रेघ थेट हाडावर घेतली की हनुवटीखालचं मांस उघडं पडतं.

खुंटच_खुंट
@सुबक धन्यवाद, पण मला दाढी ठेवायची नाहीये, पूर्ण काढायची आहे.

खुर्चीमागचा
मी १९ वर्षं सलूनमध्ये खुर्चीमागे उभा आहे, जबड्याखालची ही तक्रार घेऊन आठवड्याला दोन तीन जण तरी येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उलटा_हात यांचं पात्याबद्दलचं शंभर टक्के बरोबर. पण ताणा आणि जोर द्या हे तुम्ही अजिबात करू नका, तुमचा अर्धा त्रास त्यातूनच येतोय. बहुपाती रेझरमध्ये पहिलं पातं केस धरून जरा वर ओढतं आणि मागचं कापतं. वरून तुम्ही कातडी ताणलेली. ती सोडली की कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतो. त्या क्षणी हात फिरवला तर एकदम लोणी लागतं, पण दुसऱ्या तिसऱ्या दिवशी तो केस वाढताना त्याचं टोकदार तोंड सरळ बाहेर न येता बाजूच्या कातडीत घुसतं. ती लाल पुटकुळी म्हणजे तेच. एका पात्याच्या रेझरने हे कमी होतं पण ताणून, दाबून, उलटी मारली तर त्यानेही होणारच. उलटा_हात यांचे केस बहुतेक सरळ असतील म्हणून त्यांना चालतंय.

आता खरखर. गळ्यावर केस एका दिशेने येतात असं सगळे धरून चालतात आणि तिथेच फसतात. एक काम करा, दोन दिवस सुट्टी बघून दाढी करू नका. मग कोरड्या गळ्यावर एक बोट हलकं फिरवा, वर, खाली, कानाकडे, हनुवटीकडे. ज्या दिशेला बोट अडकतं ती उलटी, ज्या दिशेला सुळकन जातं ती सुलट. डावी उजवी वेगळी बघा, आणि बोटा-बोटाच्या अंतराने बघा. काय सापडतं ते इथे लिहा, मग पुढचं सांगतो.

खुंटच_खुंट
दादा, शनिवार रविवार तसाच राहिलो आणि आरशासमोर बसून केलं, खरं सांगतो डोकंच चक्रावलं. उजवीकडे जबड्यापासून गळ्यापर्यंत सगळे केस खाली जातात. डावीकडे मात्र हाडाखालच्या साधारण दोन बोटांच्या पट्ट्यात खाली जातात, आणि त्याच्या खाली, कंठमण्याच्या बाजूला, तिरके वर कानाकडे जातात! जिथे दोन्ही भेटतात तिथे एक छोटा भोवरा आहे. पुटकुळ्या वरच्या पट्ट्यात, खरखर खालच्या पट्ट्यात.

खुर्चीमागचा
बघा, तुमचं तुम्हीच शोधलंत. तुम्ही सगळीकडे रेझर वर ओढत होता. वरच्या पट्ट्यात ती उलटी झाली म्हणून पुटकुळ्या. खालच्या पट्ट्यात तीच सुलट झाली म्हणून खुंट राहिले, आणि ते राहिले म्हणून तुम्ही फेस पुसल्या गेलेल्या कातडीवर चार पाच वेळा पातं घासत होता.

आता पुढचे तीन आठवडे असं करा. दाढी अंघोळीनंतर करा, किंवा कोमट पाण्याने दाढी दोन तीन मिनिटं सतत ओली ठेवा. कोरडा केस राठ असतो, पाणी प्यायला की मऊ होतो आणि पात्याला जोर लागत नाही. नुसतं तोंडावर पाणी मारून हे होत नाही, वेळ द्यावा लागतो. मग क्रीम ब्रशने किंवा बोटांनी गोल गोल चोळून लावा आणि एक मिनिट तसंच ठेवा. गळा आधी माखा आणि शेवटी करा, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ तो भिजतो.

पहिला हात सुलट. वरच्या पट्ट्यात वरून खाली, डाव्या खालच्या पट्ट्यात तिरका वर कानाकडे. दोन तीन सेंटीमीटरचे छोटे हात मारा, दोन हातांनंतर रेझर धुवा. जोर शून्य, रेझरचं स्वतःचं वजन पुरे. सेफ्टी रेझर घेतलात तर दांडा कातडीपासून साधारण ३० अंशावर, मूठ कातडीच्या फार जवळ नेली की खरवडतं.

मग परत फेस लावा, हे लोक हमखास टाळतात. आणि दुसरा हात आडवा, कानाकडून हनुवटीकडे. बस, इथे थांबा. उलटा हात सध्या कुठेच नाही. थोडे खुंट राहतील, राहू द्या.

हाडाच्या कडेवर आणि त्याखालच्या खळग्यात रेझर नीट टेकत नाही, त्याला एक युक्ती आहे. मान मागे टाकू नका, सरळ ठेवा आणि कानाजवळची गालाची कातडी दोन बोटांनी जराशी वर सरकवा. खळग्यातली कातडी हाडावर येते, सपाट होते. ताणायची नाही, फक्त जागा बदलायची.

वेणू_ताई
माझ्या भावाचा अनुभव सांगते. त्याचे केस एकदम कुरळे, त्याने दिशा बदलली, रेझर बदलला, सगळं केलं तरी गळ्यावर गाठी आणि काळे डाग. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी साधारण महिनाभर रेझर पूर्ण बंद करायला सांगितला, आत अडकलेले केस वाढले की आपोआप बाहेर येतात म्हणाले. आता तो ट्रिमरने एक मिलिमीटर ठेवतो, बिनदाढीचा दिसत नाही पण नीटनेटका दिसतो आणि गळा स्वच्छ आहे. पू झाला, दुखायला लागलं किंवा गाठ कडक होऊन तशीच राहिली तर घरचे उपाय करत बसू नका, आणि ते केस चिमट्याने उपटू तर अजिबात नका, त्याने उपटले आणि नवीन केस परत तसेच आत वळले.

खुर्चीमागचा
ताईंचं अगदी बरोबर. माझ्याकडेही पू असलेलं गिऱ्हाईक आलं तर मी त्यावर पातं चालवत नाही. केसाचं वळण दिसत असेल तर फार तर निर्जंतुक सुईने टोक मोकळं करायचं, मुळासकट ओढायचं नाही. आणि खूप कुरळ्या केसांना रोज गुळगुळीत दाढी काही वेळा झेपतच नाही, ते खरंय.

उलटा_हात
उलटी नाही म्हणता ठीक, पण तुरटीला नाही म्हणू नका. तीच तर जंतू मारते.

खुर्चीमागचा
नाही म्हणत नाही. कापलेल्या जागी रक्त थांबवायला तुरटी छान, आणि तिचा एक उपयोग मला फार आवडतो, जिथे जास्त चरचरते तिथे हात जड पडला हे लगेच कळतं. पण पूर्ण गळ्यावर रोज फिरवून तशीच सुकू दिली तर कातडी कोरडी पडते. फिरवलीत तर मिनिटभराने धुवा. दाढीनंतर गार पाणी, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. स्पिरिटवाला आफ्टरशेव्ह आग होणाऱ्या कातडीवर नको.

उलटा_हात
मला रोज चालते बाबा तुरटी, मी सोडणार नाही.

रात्रपाळी
मी रात्री झोपायच्या आधी दाढी करतो, कॉलर घासत नाही म्हणून सकाळपर्यंत लाली उतरते. आणि मी गार पाण्यानेच करतो, कोमटने मला उलट जास्त आग होते. कोणाला असं होतं का?

खुर्चीमागचा
कॉलरचा मुद्दा चांगला आहे, माझ्या लक्षात आला नव्हता. पाण्याचं म्हणाल तर काही जणांना गार मानवतं, भिजवायला वेळ मात्र तेवढाच द्या. कडकडीत गरम कोणालाच नको.

खुंटच_खुंट
तीन आठवडे झाले, सांगायला आलो. पातं आता सहाव्या दाढीनंतर बदलतो, रेझर झटकून कोरड्या जागी ठेवतो. वरच्या पट्ट्यातल्या पुटकुळ्या बऱ्याच बसल्या, नवीन दोनच आल्या. एक दिवसाआड रात्री २ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचं जेल लावतोय, सुरुवातीला दाढीनंतर लगेच लावलं तर भयंकर चुरचुरलं, आता दाढीच्या वेळेपासून लांब लावतो. खालचा पट्टा पहिल्यांदाच दुपारपर्यंत मऊ राहिला, मलाच खरं वाटेना. फक्त तो भोवरा, तिथे अजून पाच सहा खुंट राहतातच, कुठूनही हात मारला तरी.

खुर्चीमागचा
भोवऱ्यावर तेच होतं, तिथे एकच सुलट दिशा नसते. फेस परत लावून एकेक सेंटीमीटरचे दोन हात मारा, एक हनुवटीकडून, एक कानाकडून, आणि सोडून द्या. खालच्या पट्ट्यात आता आठवड्यातून एकदा उलटा, म्हणजे कानाकडून कंठमण्याकडे, हलका हात मारून बघा. वरच्या पट्ट्यात अजून महिनाभर नको.

वेणू_ताई
आणि डाग राहिले असतील तर दिवसा सनस्क्रीन लावा हो, उन्हाने ते जास्त गडद होतात. भाऊ गळ्याला लावायचं विसरायचा, फक्त तोंडाला लावायचा.