मदत हवी आहे: संदेश किती लांब झाला की लोक वाचायचे सोडतात?

शेवंती

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या गटाचे समन्वयन मी करते. व्हॉट्सअॅपच्या गटावर आम्ही ६४ जण आहोत, आणखी सहा जणांना मी एसएमएस पाठवते. मागील पंधरवड्यात गटावर एक संदेश टाकला. त्यात तीन विनंत्या होत्या: शुक्रवारपर्यंत आपले प्रकरण पाठवावे, यापुढे फाईलला ठरलेल्या पद्धतीने नाव द्यावे आणि पुढील महिन्यात आपण कोणत्या तारखांना मोकळे आहोत ते तक्त्यात भरावे.

संदेशाच्या माहितीत पाहिले तर ५८ जणांनी तो वाचल्याचे दिसते. तारखा ३१ जणांनी भरल्या, प्रकरण मात्र फक्त ११ जणांनी पाठवले आणि त्यांतही नाव बरोबर असलेल्या फायली चारच होत्या. संदेश २२६ शब्दांचा होता. त्याची सुरुवात अशी:

> सर्व वाचक स्वयंसेवकांना सप्रेम नमस्कार. गेल्या काही महिन्यांत आपण वेळात वेळ काढून जे ध्वनिमुद्रण केले, त्याबद्दल समितीच्या वतीने मनःपूर्वक आभार. आपल्याला माहीतच आहे की संपादन करणाऱ्या दोघांवर सध्या बराच ताण आहे, कारण प्रत्येकाच्या फायलींची नावे वेगवेगळी असतात आणि कोणती फाईल कोणत्या पुस्तकाची हे ऐकून शोधावे लागते. मागील बैठकीत या विषयावर सविस्तर चर्चा झाली. त्यानुसार असे ठरले आहे की…

माझा प्रश्न असा की किती शब्दांनंतर वाचणारा केवळ वरवर नजर फिरवतो किंवा संदेश सोडूनच देतो? आणि कोणाला न दुखावता, आवश्यक माहिती न गाळता तो छाटायचा कसा?

अर्धविराम

माझा अनुभव सांगतो. पन्नास शब्दांच्या पुढे कोणी वाचत नाही, हे धरूनच चालावे. संदेशात तीन ओळी लिहाव्यात आणि बाकीचे सर्व एका पीडीएफमध्ये घालून जोडावे. ज्याला तपशील हवा तो उघडून पाहील.

काठावरचा

शेवंती, लांबीची मर्यादा विचारता आहात म्हणून सांगतो. देवनागरीतील एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात. त्याहून मोठा संदेश तुकड्यांत जातो आणि तेव्हा प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात, कारण उरलेली जागा तुकडे जोडण्याच्या खुणेला लागते. रोमन लिपीत हीच मर्यादा १६० आणि १५३ आहे. शिवाय मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताची खूण हे सर्व वेगळे मोजले जातात, त्यामुळे "स्वयंसेवक" हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा वाटला तरी तो नऊ जागा घेतो. आमच्या कार्यालयातून सूचना पाठवताना एक शब्द वाढला की दोन संदेशांचे पैसे लागतात, म्हणून हे मला पाठ झाले आहे.

शेवंती

काठावरचा, माझा प्रश्न तांत्रिक मर्यादेचा नव्हता, वाचणाऱ्याच्या लक्षाचा होता. तरीही त्या सहा जणांचे संदेश अर्धवट का पोहोचतात याचा अंदाज आता आला. आभारी आहे.

मुखपृष्ठ

माझे काम बरीच वर्षे सूचनापत्रके आणि परिपत्रके संपादित करण्याचे होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, ५८ जणांनी संदेश वाचला असे समजू नये. त्यांनी गट उघडला आणि संदेश पडद्यावर आला, एवढेच ती खूण सांगते. अनेकांनी "आणखी वाचा"वर बोटही ठेवले नसेल. तुमचे आकडेही तेच सांगतात. तारखा भरायला अर्धा मिनिट लागतो, ध्वनिमुद्रण पूर्ण करून पाठवायला एक संध्याकाळ जाते. एका संदेशात तीन कामे असली की माणूस सर्वांत सोपे काम उरकतो आणि आपण प्रतिसाद दिला या समाधानात उरलेली दोन विसरतो. म्हणून माझ्या मते तुमची अडचण २२६ या आकड्यापेक्षा तीन या आकड्यात अधिक आहे.

लांबीचा परिणाम होतो, हे मात्र खरेच आहे. टॉड रॉजर्स आणि जेसिका लास्की-फिंक या संशोधकांनी अमेरिकेतील शालेय मंडळांच्या सात हजारांहून अधिक निर्वाचित सदस्यांना एक छोटी प्रश्नावली भरण्याची विनंती ईमेलने केली होती. काहींना १२७ शब्दांचे पत्र गेले, काहींना ४९ शब्दांचे. लांब पत्राला २.७ टक्के प्रतिसाद आला, छोट्याला ४.८ टक्के. येथे लक्षात घ्यावे की ते अनोळखी माणसांचे पत्र होते आणि इंग्रजीत होते. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत बसतो आणि इंग्रजीतला पन्नासचा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. अर्धविराम यांचा रोख बरोबर आहे, पण "पन्नासच्या पुढे कोणी वाचत नाही" हे खरे नाही. ज्याला त्या माहितीची वाट पाहायची असते तो दोनशे शब्दही नीट वाचतो. तुमच्या संदेशाची वाट कोणीही पाहत नव्हते.

पीडीएफच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. जोडपत्र उघडणे हे आणखी एक काम असते. पुरवणी माहिती तेथे ठेवता येते, परंतु जे करायचे आहे ते कधीही तेथे ठेवू नये.

आता छाटणी. तुम्ही दिलेली पाच वाक्ये एकेक करून घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे वाचून वाचणारा काही वेगळे करणार आहे का? नमस्कार, आभार, संपादकांवरचा ताण, बैठकीतील चर्चा या चारही वाक्यांचे उत्तर "नाही" असे येते. करण्याची गोष्ट पाचव्या वाक्यात सुरू होते आणि तेथेही "त्यानुसार असे ठरले आहे की" हे पाच शब्द तिच्या पुढे उभे आहेत. फोनवर सूचना झळकते तेव्हा आधी गटाचे नाव आणि पाठवणाऱ्याचे नाव जागा घेते. उरलेल्या एक-दोन ओळींत तुमचा फक्त नमस्कार मावला. दिवस, वेळ आणि क्रियापद पहिल्या वाक्यात आले पाहिजे. कारण द्यावे, परंतु शेवटी आणि एकाच वाक्यात. तारखांची विनंती वेगळ्या दिवशी पाठवावी.

निळासावळा

मी अशी ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकणारा माणूस आहे आणि संदेशही स्क्रीन रीडरवर ऐकतो. डोळ्यांनी वाचणारा खाली नजर टाकून तारीख शोधू शकतो. मला तसे करता येत नाही, मजकूर ज्या क्रमाने लिहिला त्याच क्रमाने कानावर येतो. पहिल्या वाक्यात माझ्याशी संबंधित काही आले नाही तर मी पुढच्या संदेशावर जातो. आणखी एक विनंती आहे. ओळीच्या सुरुवातीला हात जोडल्याची आणि फुलांची चिन्हे टाकू नयेत, कारण स्क्रीन रीडर प्रत्येक चिन्हाचे नाव मोठ्याने वाचतो. पाच फुले म्हणजे पाच वेळा फूल. लिहिणाऱ्याला ती सजावट वाटते, ऐकणाऱ्यासाठी ती लांबीच असते.

शेवंती

निळासावळा, हे माझ्या मनातही आले नव्हते. मूळ संदेशात अशी सात चिन्हे होती.

मुखपृष्ठ यांच्या सांगण्याप्रमाणे रविवारी हा संदेश पाठवला:

> येत्या शुक्रवारी रात्री ९ पर्यंत आपले प्रकरण पाठवावे. फाईलचे नाव 07-12.mp3 असे द्यावे: आधी पुस्तक क्रमांक, मग प्रकरण क्रमांक. उशीर होणार असल्यास आजच मला स्वतंत्रपणे कळवावे. नाव एकसारखे असले की संपादकांना फाईल ऐकून पुस्तक शोधावे लागत नाही.

शुक्रवारी रात्रीपर्यंत ४१ प्रकरणे आली आणि ३६ फायलींची नावे बरोबर होती. मात्र दरम्यान नऊ जणांनी मला प्रश्न विचारले, आणि त्यांतील सहा प्रश्न एकच होते: पुस्तक क्रमांक कोठे पाहायचा? "पुस्तक क्रमांक आपल्या यादीत पहिल्या रकान्यात आहे" हे वाक्य मूळ संदेशात होते. सर्वांना ते ठाऊक असेल असे समजून मी ते गाळले.

मुखपृष्ठ

छाटणी कोठे चुकली हे असेच कळते. वेगवेगळे प्रश्न येत असतील तर चिंता नाही, पण एकच प्रश्न तीन-चार जणांकडून आला की ते वाक्य परत घालावे. ते सात शब्द वाचवून तुम्ही सहा उत्तरे लिहिलीत. जे वाचल्यावाचून हाती घेतलेले काम अडते, ते लांबीसाठी कधीही कापू नये. तारीख, वेळ, कोणाला लागू आहे, अपवाद आणि वस्तू कोठे मिळेल, हे राहू द्यावे.

अर्धविराम

जोडपत्राबद्दलचे म्हणणे मला पटले. पण ११ वरून ४१ हा फरक केवळ छाटणीमुळे पडला असे म्हणता येईल का? हा दुसरा संदेश होता, म्हणजे तो स्मरणपत्रही ठरला. पहिला संदेश न वाचलेल्यांना निदान काहीतरी पाठवायचे आहे हे ठाऊक असणार.

शेवंती

आपली शंका रास्त आहे आणि माझ्याकडे तिचे उत्तर नाही. नावे बरोबर येण्यात मात्र छाटणीचा हात असावा, कारण पहिल्या वेळी ११ पैकी ४ बरोबर होती आणि यावेळी ४१ पैकी ३६. पुढील महिन्यात पहिलाच संदेश छोटा पाठवून पाहणार आहे.

एक अडचण अजून सुटलेली नाही. आमच्यातील एका ज्येष्ठ वाचकाने फोन करून सांगितले की संदेश हुकूम सोडल्यासारखा वाटला, आणि विनामोबदला काम करणाऱ्यांना निदान नमस्कार तरी हवा होता. मला त्यांचे म्हणणे लागले.

मुखपृष्ठ

"नमस्कार." एवढा एकच शब्द सुरुवातीला ठेवावा, तो कोणाच्याही वाटेत येत नाही. आभार मात्र शनिवारी, प्रकरणे आल्यानंतर, वेगळे मानावेत. विनंतीला चिकटलेले आभार लोक प्रस्तावना म्हणून ओलांडून जातात.

निळासावळा

मी येथे थोडा वेगळा विचार करतो. आभाराचे एक वाक्य शेवटी असले तर मी ते ऐकतो, कारण तोपर्यंत काम काय आहे ते मला कळलेले असते. वेगळा आलेला आभाराचा संदेश मी बहुधा ऐकत नाही. गटातील डोळ्यांनी वाचणाऱ्यांचा अनुभव कसा आहे ते त्यांना विचारून पाहावे.

शेवंती

उद्या विचारते. तारखांचा संदेशही उद्याच जायचा आहे. त्यात पहिल्या वाक्यात तक्ता, दिवस आणि वेळ, आणि आभाराचे एक वाक्य शेवटी ठेवते.