मदत हवी आहे: बेरीज तीच, पण हाताचा प्रतिसाद बदलला, डॉक्टरांना कळवावे का?

रात्रपाळी_नागपूर: दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या माझ्या रुग्णाचा ग्लासगो कोमा स्केल रात्री 11 वाजता डोळे E3, बोलणे V3, हात M6, म्हणजे 12 होता. 2 वाजता E4 V3 M5 मिळाला, म्हणजे पुन्हा 12च. बेरीज तीच असल्याने डॉक्टरांना उठवू नये, असे वरिष्ठ सिस्टरांचे म्हणणे आहे. कृपया लवकर सांगा.

न्यूरो_इन्चार्ज: बेरीज बाजूला ठेवा. डोळे आपोआप उघडे दिसतात म्हणून एक गुण वाढला आणि आज्ञा पाळणे थांबले म्हणून एक गेला. या दोन्हींपैकी जड आहे तो हाताचा गुण. बाहुल्या कशा आहेत? गुंगीचे औषध दिले आहे का? आणि M5 कसा ठरवलात?

रात्रपाळी_नागपूर: बाहुल्या दोन्हीकडे सारख्या आहेत आणि प्रकाशाने लहान होतात. गुंगीचे औषध दिलेले नाही. खांद्याचा स्नायू चिमटल्यावर हात हासळीच्या वर येतो.

जुना_कंपाउंडर: छातीचे हाड मुठीने जोरात घासून पाहा, खरे काय ते कळेल. शिवाय आकडा 8 पर्यंत उतरेपर्यंत घाबरू नये.

न्यूरो_इन्चार्ज: दादा, 8 हा श्वासनळीत नळी घालण्याच्या विचाराचा आकडा आहे, डॉक्टरांना बोलावण्याचा नव्हे. छाती घासल्याने वळ उठतात, आणि हात तिथे सहज पोहोचत असल्याने M5 की M4 हेही नीट कळत नाही.

धरमपेठकर: माझे वडील न्हाणीघरात घसरले, स्केल 15 भरला म्हणून सीटी न करता घरी पाठवले. हे योग्य आहे का?

न्यूरो_इन्चार्ज: वेगळा धागा काढा, वय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लिहा. ताई, आज्ञा कोणत्या भाषेत दिली होती?

रात्रपाळी_नागपूर: मराठीत. रुग्ण गडचिरोलीकडचा गोंडी बोलणारा आहे. 11 वाजता त्याचा भाऊ खाटेजवळ बसून सांगत होता, 2 वाजता तो खाली झोपायला गेला होता.

न्यूरो_इन्चार्ज: हे आधी सांगायला हवे होते. भावाला बोलावून हात वर करायला आणि जीभ बाहेर काढायला सांगा. बोटे दाबायला सांगितलीत, तर सोडायलाही सांगा, कारण नुसती पकड आपोआपही होते. मात्र त्यासाठी डॉक्टरांना कळवणे थांबवू नका, आणि फोनवर तीनही आकडे वेगवेगळे सांगा.

जुना_कंपाउंडर: भावाच्या सांगण्यावर M6 आला, तर डॉक्टरांना उगाच उठवले असे होईल.

न्यूरो_इन्चार्ज: होऊ द्या. भाषेमुळे गुण गेला की आतल्या रक्तस्रावाने, हे खाटेजवळ उभे राहून ठरवता येत नाही.

रात्रपाळी_नागपूर: डॉक्टर आले, सीटीला नेत आहेत. भावाने सांगितल्यावर जीभ एकदा बाहेर आली, दुसऱ्यांदा आली नाही. तक्त्यात काय लिहू?

न्यूरो_इन्चार्ज: सर्वोत्तम प्रतिसाद धरतात, म्हणून M6 लिहा, शेजारी ‘भावाने गोंडीत सांगितल्यावर, दोनपैकी एकदा’ अशी नोंद करा. पुढची तपासणी अर्ध्या तासाने.

वॉर्ड_नंबर_सात: आमच्याकडे अशा वेळी M5च लिहितात.