ऑड्सचा डेटा: फीड घ्यावं की पान स्क्रेप करावं?

रामटेककर: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. टी-ट्वेंटीत विकेट पडल्यावर ऑड्स, म्हणजे सट्ट्याचे भाव, किती हलतात आणि किती वेळात, एवढंच बघायचंय. एका बुकमेकरचं पान लॉगिनशिवाय दिसतं, दर मिनिटाला स्क्रेप केलं, म्हणजे स्क्रिप्टनं आकडे उचलले, तर फुकटात काम होतं. तयार ऑड्स पुरवणाऱ्या फीडला पैसे पडतात. काय करू?

बर्डीचे काका: बाबू, या नादाला लागू नको. आयपीएल आली की इथे कोणाकोणाचे काय हाल होतात, ते डोळ्यांनी पाहिलंय. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर केंद्रानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला.

रामटेककर: काका, लावायचे नाहीत, मोजायचे आहेत.

महालवाला: स्क्रेप कर बे, काहून पैसे घालवतो? `robots.txt` बघ. त्यात मनाई नसली की मोकळा.

धरमपेठ_बॅकएंड: अर्धं बरोबर. `robots.txt` बघावंच, पण ती बॉटसाठी लावलेली पाटी आहे, परवानगीपत्र नव्हे. साइटच्या अटी वेगळ्या असतात, आणि बुकमेकरच्या अटींत आपोआप डेटा उचलायला बहुधा साफ मनाई असते. 2015 मध्ये रायनएअर या विमान कंपनीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं म्हटलं की डेटाबेसला वेगळं कायदेशीर संरक्षण नसलं तरी साइट करारातून बंधन घालू शकते. आपल्याकडे आयटी कायद्याचं कलम 43 आहे, मालकाच्या परवानगीशिवाय डेटा काढण्याबद्दल. विद्यार्थ्याच्या मागे कोणी लागेल असं मला वाटत नाही, पण रिपोर्टवर कॉलेजचं नाव असणार.

मला खरी भीती आकड्यांचीच वाटते. विकेट पडली की बुकमेकर बाजार थोडा वेळ थांबवतो. पानावर आकडा करडा होतो, पण HTML मध्ये जुनाच पडून असतो. स्क्रिप्टला करडा रंग कळत नाही.

माझ्याकडे असं झालं होतं. विकेटआधी बॅटिंग टीम 1.80, समोरची 2.05. विकेटनंतर 2.10 आणि 1.75. स्क्रिप्टनं पान अर्धं बदललेलं असताना वाचलं आणि 2.10 व 2.05 लिहून ठेवले. एक भागिले ऑड्स करून बेरीज घेतली तर 0.96 येते. एकाच बुकमेकरच्या एकाच क्षणाच्या ऑड्सची अशी बेरीज एकाच्या वरच असते, तोच त्याचा नफा. म्हणून हे लावलं:

```python
s = 1/a + 1/b
if not 1.0 < s < 1.10:
    mark_bad(row)
```

उलटी सरमिसळ झाली, म्हणजे 1.80 आणि 1.75, तर बेरीज 1.13 होते. तीही पकडली जाते. पण दोन्ही आकडे जुने असतील तर 1.04, चाळणीतून आरामात पार. आणि तुला नेमका उशीरच मोजायचा आहे. फीडमध्ये `last_update` असतं, म्हणजे आकडा कधीचा ते कळतं. स्क्रेपमध्ये तू पान कधी वाचलंस एवढंच कळतं.

कळमन्याचा_संत्रेवाला: क्रिकेटचं मले समजत नाही, पण मी एका पानावरून संत्र्याचे भाव रोज उचलत होतो. एक दिवस त्यांनी मधात एक रकाना घातला अन् माझ्या शीटमध्ये कमीत कमी भावाच्या जागी आवक येऊ लागली. एरर एकही नाही. आठ दिवसांनी गड्यानं विचारलं, भाऊ, भाव इतका कसा चढला?

धरमपेठ_बॅकएंड: हेच. तिथं आकडा वेडावाकडा होता म्हणून दिसला तरी. ऑड्सच्या पानावर दोन टीमच्या ओळी अदलाबदल झाल्या तर बेरीज तीच राहते, माझी चाळणी काहीच बोलत नाही. म्हणून आकडा जागेवरून नाही, टीमच्या नावावरून उचलायचा.

महालवाला: फीड फीड करून राहिला, पण कोटा कोण मोजणार? The Odds API फुकटात महिन्याला 500 क्रेडिट देते. मॅच साडेतीन तासांची धर, दर मिनिटाला एक म्हणजे 210. एकाच प्रदेशाचे, एकाच मार्केटचे ऑड्स घेतले तरी दोन मॅचमध्ये महिना खलास. अन् ते तरी अधिकृत कुठं? बुकमेकरचे ऑड्स गोळा करून देणारे तेही मधलेच.

धरमपेठ_बॅकएंड: हा मुद्दा मान्य. फीड म्हटलं की अधिकृतच, असं नसतं. त्यांच्याही अटी असतात. कच्चा डेटा रिपोर्टला जोडता येतो का, ते आधी वाच. पण मॅचभर मागायची गरज काय? विकेट पडल्याचं स्कोअरवरून कळलं की पुढची दहा मिनिटंच माग. दोन्ही डावांत मिळून बारा विकेट धरल्या तर 120, आणि प्रत्येक विकेटआधीचा एक आकडा हवा म्हणून थोडे वर.

महालवाला: विकेटआधीचा आकडा कसा मागशील बे? विकेट पडणार हे तुले आधी कोण सांगते?

धरमपेठ_बॅकएंड: हो, तिथं घसरलो. मग दर ओव्हरला एक, चाळीसेक जास्त. आधीचा आकडा तरीही चार-पाच मिनिटं जुना असू शकतो.

रामटेककर: म्हणजे फुकट कोट्यात तीन मॅच. आणि मिनिटाला एक आकडा घेऊन सेकंदांतला बदल तसाही दिसणार नाही. विकेटनंतर पाचव्या मिनिटाला ऑड्स कुठे थांबले, असा प्रश्न बदलता येईल का, ते सरांना विचारतो. बुकमेकरलाही परवानगीची मेल टाकलीय, अजून उत्तर नाही.

बर्डीचे काका: मेलमध्ये घरचा पत्ता तर नाही ना दिला?