रात्री नेट मरतं: सगळ्या इमारतीला एकच लाइन पुरवली आहे हे केबलवाल्याला कसं दाखवून द्यायचं?

आभा_तिसरा_मजला:
मदत हवी आहे. आमच्या इमारतीत ६४ फ्लॅट आहेत, त्यांतल्या ४४ जणांकडे एकाच केबलवाल्याचं इंटरनेट आहे. सगळ्यांचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. सकाळी वेग ठीक असतो, पण रात्री ९ ते ११ मध्ये ६-८ च्या वर जात नाही. माझी मुलाखत दोनदा मध्येच तुटली. शेजारच्या काकांचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणंही तसंच अर्धवट राहिलं. फोन केला की मुलगा येतो, राउटर बंद-चालू करतो आणि "वायफायचा प्रॉब्लेम आहे" म्हणून जातो. त्याच्याकडेच काम करणारा एकजण बोलण्याच्या ओघात म्हणाला, की जिन्यातल्या पेटीत वरून एकच वायर येते आणि तिथून सगळ्यांना वाटली जाते. हे खरं असेल तर कसं सिद्ध करायचं? आणि तक्रार कुणाकडे करायची?

दिनूभाऊ:
५ गिगाहर्ट्झवाला राउटर घ्या. आमच्याकडे भिंती जाड आहेत, तो घेतल्यावर आतल्या खोलीतही नेट छान चालतं.

आभा_तिसरा_मजला:
दिनूभाऊ, लॅपटॉपला थेट वायर जोडूनही रात्री तेच आकडे येतात, म्हणून वायफायचा संशय मी सोडला.

निखिल_पुणेरी_नाही:
सोपं आहे. चार घरांतून "माझा आयपी काय" बघा. सगळ्यांचा एकच आला की लाइन एकच. शिवाय दूरसंचार नियामक ट्रायचा १:५० चा नियम आहे, म्हणजे लाइनच्या पन्नास पटींपर्यंतच वेग विकायचा, तो दाखवा. गप्प बसतील.

जुना_लाइनमन:
निखिल, दोन्ही मुद्दे अर्धेच बरोबर आहेत, आणि तेवढ्यावर आभाताई गेल्या तर केबलवाला त्यांना सहज परतवेल. आयपी एकच दिसतो कारण कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवते. त्याचा वायर किती जाड आहे याच्याशी संबंध नाही. १:५० बद्दल म्हणाल तर ट्रायच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती जोडणीसाठी तो आकडा आहे, पण इथे त्याचा उपयोग होत नाही. समजा पेटीत खरंच १०० ची लाइन आहे. ४४ जणांना प्रत्येकी १०० विकले म्हणजे प्रमाण १:४४ झालं, ५० च्या आतच. तो आनंदाने हेच दाखवेल.

खरी अडचण वेगळी आहे. एका लाइनवर अनेकजण असणं यात मुळात गैर काही नाही, सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. पण लाइन एका प्लॅनइतकीच असेल तर एका घरात मोठं डाउनलोड सुरू झालं की उरलेले ४३ अडकतात. हेच प्रमाण १००० च्या लाइनवर ४४० जणांना ठेवलं तर बहुतेकांना पत्ताही लागणार नाही.

आता सिद्ध करायचं. पहाटे ५ वाजता, इमारत झोपलेली असताना, दोन फ्लॅटमध्ये लॅपटॉप वायरने जोडा. आधी एकट्याने स्पीड टेस्ट घ्या. मग फोनवर बोलत दोघांनी एकाच क्षणी घ्या, शक्यतो वेगवेगळे सर्व्हर निवडून. तीनदा करा, स्क्रीनशॉट ठेवा.

आभा_तिसरा_मजला:
आज पहाटे पाचव्या मजल्यावरच्या ताईंबरोबर केलं. मी एकटी: ९४. त्या एकट्या: ९३. दोघी एकदम: ४८ आणि ४५. दुसऱ्यांदा ५१ आणि ४३, तिसऱ्यांदा ४६ आणि ४८. मला हे बघून धक्काच बसला.

जुना_लाइनमन:
बेरीज बघा: ९३, ९४, ९४. १०० च्या पोर्टमधून प्रत्यक्षात एवढंच निघतं. म्हणजे तुम्हा दोघींच्या वर कुठेतरी १०० चा पोर्ट आहे. बहुधा जिन्यातला जुना मीडिया कन्व्हर्टर किंवा स्विच. पेटी स्वतः उघडू नका. आत वीज आहे आणि सामान त्याचं आहे.

रात्रीचा पुरावाही घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
tracert -d 8.8.8.8
ping -n 100 <दुसऱ्या ओळीतला पत्ता>
```

पहिली ओळ म्हणजे तुमचा राउटर, दुसरी सहसा केबलवाल्याची बाजू. पहिल्या ओळीचा वेळ १-२ मिलिसेकंद राहतो आणि दुसरीपासून पुढच्या सगळ्या ओळींचा रात्री शंभरच्या पुढे जातो, तर वायफायचा मुद्दा संपला. फक्त मधली एकच ओळ वाढली आणि पुढच्या ठीक असल्या तर त्यावर बोट ठेवू नका. काही उपकरणं पिंगला मुद्दाम उशिरा उत्तर देतात.

मीनाक्षी_सचिव:
मी एका सोसायटीची सचिव आहे, आमचा अनुभव सांगते. आम्ही समितीच्या लेटरहेडवर एकच तक्रार दिली आणि ती एका फोननंतर "सोडवली" म्हणून बंद झाली. मग प्रत्येक घराने आपापल्या ग्राहक क्रमांकावरून वेगळी तक्रार केली, तेव्हा हालचाल झाली. आणि बिल नीट बघा. केबलवाला बहुतेक वेळा फक्त शेवटचा दुवा असतो, परवाना बिलावर नाव असलेल्या कंपनीचा असतो. तिच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

जुना_लाइनमन:
अगदी बरोबर. आणि तक्रारीत "नेट स्लो" लिहू नका, त्यावर पुन्हा राउटर बंद-चालू होईल. पहाटेचे आकडे द्या आणि विचारा: इमारतीला येणाऱ्या लिंकचा पोर्ट किती वेगाचा आहे, आणि गेल्या ७ रात्रींत तो जास्तीत जास्त किती भरला? त्यांच्याकडे आलेख असतो. ट्रायच्या गुणवत्ता नियमांत कंपनीच्या जाळ्यातल्या लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत हवा असं आहे. जिन्यातला स्विच त्या व्याख्येत बसतो का यावर ते वाद घालतील, तरी प्रश्न लेखी जाऊ द्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे आधी धावू नका.

निखिल_पुणेरी_नाही:
१:५० बद्दल चुकलो. पण १९१५ वर फोन करायला काय हरकत आहे?

मीनाक्षी_सचिव:
काहीच नाही. ग्राहक हेल्पलाइन आहे ती. पण तिथेही डॉकेट नंबर हाताशी असला तर बोलणं पुढे सरकतं.

राही_गच्चीवाली:
आमच्याकडे तर घरापर्यंत फायबर आहे, तरी रात्री हेच. पहाटेच्या चाचणीत दोघांनाही पूर्ण वेग मिळाला. मग?

जुना_लाइनमन:
मग तुमची कोंडी इमारतीच्या वर आहे. जवळपासच्या दुसऱ्या इमारतीत त्याच केबलवाल्याचा ग्राहक शोधा आणि रात्रीच्या पिंगच्या वेळा एकमेकांशी ताडून बघा.

आभा_तिसरा_मजला:
अपडेट: १९ घरांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या. आठवड्याने दोघे आले, पेटीतला कन्व्हर्टर आणि स्विच बदलून गेले. आता पहाटे दोघी एकदम टेस्ट केली तरी दोघींना ९४ येतात. पण काल रात्री १० वाजता मला ३५ च मिळाले, पिंग ९०. पोर्ट आणि आलेखाच्या प्रश्नाला कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही, आणि सहा जणांना तक्रार बंद झाल्याचा मेसेजही आला आहे. लाइनमनदादा, आता अपील करू की आधी शेजारच्या इमारतीत कुणी सापडतंय का बघू?

जुना_लाइनमन:
दोन्ही एकदम करा. अपिलाचे ३० दिवस त्या मेसेजपासून मोजा, तो जपून ठेवा.