उंची आणि कंबर मोजली की चरबीचा टक्का 'अचूक' कळतो? मला पटत नाही

धावता_धोटा: बीएमआय आता फेकून द्या लोकहो. वूलकॉट आणि बर्गमन या संशोधकांनी 2018 मध्येच शरीरातल्या चरबीचा टक्का काढायचं आरएफएम हे सूत्र दिलंय, फक्त उंची आणि कंबर लागते, ना वजनकाटा ना मशीन. माझी उंची 172, कंबर 98, म्हणजे 28.9 टक्के चरबी. घरबसल्या अचूक आकडा. तरी लोक अजून मशीनवर उभे राहतात याचं नवल वाटतं.

खडूस: "अचूक" वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लांबड लावतोय. आधी सूत्रच बघा.

```
पुरुष:   64 - 20 * (उंची / कंबर)
स्त्रिया: 76 - 20 * (उंची / कंबर)
```

यात तुमचं म्हणून काय जातं तर एकच गोष्ट, उंचीला कंबरेने भागलेला आकडा. वय जात नाही, वजन जात नाही, स्नायू किती ते जात नाही. ज्या कुठल्या पुरुषाची कंबर उंचीच्या बरोबर निम्मी आहे त्याला 24 टक्के आणि तशाच बाईला 36 टक्के, मग तो रोज तालमीत जाणारा पंचविशीतला पोरगा असो की सत्तरीतले आजोबा. दोघांच्या अंगात सारखीच चरबी असते असं तुम्हाला खरंच वाटतं का?

हे सूत्र आलं कुठून तर अमेरिकेतल्या एनएचएएनईएस या आरोग्य सर्व्हेतून. 1999 ते 2004 मधल्या बारा हजारांवर प्रौढांचे डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी अंगातली चरबी मोजणारे स्कॅन, होते, त्यावर साडेतीनशेहून जास्त मापं आणि मापांच्या जोड्या लावून बघितल्या आणि सोपी असून सगळ्यात बरी बसणारी ही निवडली, मग 2005-06 च्या वेगळ्या लोकांवर तपासली. काम चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण तुमचे 28.9 म्हणजे तुमच्यासारखं उंची-कंबर प्रमाण असलेल्या पुरुषांची साधारण सरासरी. त्या घोळक्यात कुणी 25 चा असतो, कुणी 33 चा. तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते सूत्राला माहीतच नाही. दशांश चिन्ह लागलं म्हणून आकडा अचूक होत नाही.

तिसरा_मजला: मला तर उणे 30.4 आलं. उंची 170, कंबर 36. असलं सूत्र काय कामाचं?

मिताली: अहो उंची सेंटिमीटरमध्ये आणि कंबर इंचात घातलीत ना. दोन्ही एकाच मापात पाहिजेत. 36 इंच म्हणजे 91.4 सेंमी, मग 26.8 येईल.

तिसरा_मजला: हां मग ठीक. 26.8 म्हणजे बरंच आहे की.

मिताली: आणि ते 36 टेपने मोजलंय की पँटवर लिहिलेलं?

तिसरा_मजला: पँटवरचं. त्यात काय फरक पडतो, कंबर ती कंबर.

खडूस: खूप पडतो. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे पोट वाढत जातं आणि पँटचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. शिवाय कपडेवाले लिहितात एक आणि शिवतात त्याहून सैल. टेप आणा आणि मोजा.

तिसरा_मजला: मोजली. 99 सेंमी. म्हणजे 29.7. माझा या टेपवर विश्वास नाही.

रानवारा: टेप कुठे लावली ते सांगा आधी. कंबर बेंबीवरच मोजायची असते, आमचे ट्रेनर सगळ्यांची तशीच घेतात. इथे प्रत्येक जण मनाला येईल तिथे मोजून भांडतोय.

मिताली: बेंबीवर कुणी सांगितलं? ड्रेस शिवताना सगळ्यात बारीक जागा धरतात ती कंबर. तिथे माझी 78 भरते. उंची 158, म्हणून 35.5 टक्के. आणि कमरेच्या हाडावर टेप ठेवली तर 86, म्हणजे 39.3. तीच मी, तीच सकाळ, तोच टेप, फक्त चार बोटं खाली सरकवला तर जवळपास चार टक्के चरबी वाढली! आता सांगा यातली खरी कुठली.

रानवारा: खरी बेंबीवरची. नाहीतर मग डब्ल्यूएचओ म्हणतं तशी, शेवटची बरगडी आणि हाड यांच्या मधोमध. मी वाचलेलं आहे हे, उगाच बोलत नाही.

खडूस: डब्ल्यूएचओचं बरोबर वाचलंय तुम्ही, पण ते या सूत्राला लागू नाही. सूत्र ज्या सर्व्हेवरून काढलं तिथे जिथे टेप लावली तिथेच लावायची, नाहीतर 64 आणि 20 हे आकडे तुमचे राहतच नाहीत. एनएचएएनईएसमध्ये उजव्या बाजूला हात लावून कमरेच्या हाडाची वरची कडा शोधतात, तिच्या जरा वर पेनाने खूण करतात आणि टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवतात. टेप कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही, आणि माप श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. मिताली, या सूत्रासाठी तुमची कंबर 86. बेंबीचं म्हणाल तर ती हाडासारखी एका जागी राहत नाही, पोट ओघळलं की बेंबीही खाली जाते, त्यामुळे मोठ्या पोटाच्या माणसाची बेंबीवरची कंबर कधीकधी चक्क हाडाच्या खालची असते.

रानवारा: म्हणजे आमचे ट्रेनर एवढी वर्षं चुकीचं मोजतायत?

खडूस: आधी आणि नंतर एकाच जागी मोजत असतील तर त्यांच्या कामापुरतं बरोबर आहे. या सूत्रात घालायला चुकीचं आहे.

रानवारा: तुम्हाला सगळंच चुकीचं दिसतं. साध्या माणसाने पेन घेऊन स्वतःचं हाड शोधत बसायचं का? साधं सोपं म्हणून तर हे सूत्र काढलंय ना. असल्या अटी घातल्यात तर लोक मोजणारच नाहीत आणि मग काय साधणार? माझ्या ओळखीतला एक जण याच वादाला कंटाळून मोजायचं सोडून बसला, दोन वर्षांत पोट वाढून कुठल्या कुठे गेलं.

खडूस: हाड शोधायला दहा सेकंद लागतात. आणि चार टक्क्यांची चूक करून "अचूक" म्हणण्यापेक्षा ते परवडलं.

पावसाळी: टेपवरून एवढं रण माजलंय, माझं सांगू का? माझी उंची 162, कंबर 72, हाडावरच मोजलेली. सूत्र म्हणतं 31 टक्के. दुसऱ्या कारणासाठी डेक्सा करावा लागला तेव्हा त्यात 37 आलं. पोट सपाटच आहे माझं, सगळं मांड्यांवर आणि मागे आहे. म्हणजे ज्या बायकांचं असं आहे त्यांना हे सूत्र बारीकच ठरवणार, बरोबर ना? मला कुणी जाड म्हणत नाही पण मांड्या घासून कातडी सोलवटते ते मलाच माहीत.

खडूस: बरोबर. टेप जिथून जातच नाही तिथली चरबी त्याला दिसणार कशी. उलट कमी चरबीचे, कमावलेले पुरुष असतात त्यांना हे सूत्र जास्त दाखवतं. 180 उंची आणि 78 कंबर असलेल्याला जवळपास 18 टक्के देतं, मग पोटावर कितीही पॅक दिसू देत. फक्त एवढं म्हणेन की मांड्यांवरची चरबी पोटातल्या चरबीइतकी घातक नसते, म्हणून तुमचे 31 चरबीचा टक्का म्हणून चुकले तरी काळजी कमी करणारेच आहेत.

धावता_धोटा: दिवसभर कामात होतो, आता सगळं वाचलं. खडूस, तुम्ही माझा मुद्दाच बाजूला टाकलात. माझं वजन 73. बीएमआय 24.7, म्हणजे तक्त्यात नॉर्मल. वर्षानुवर्षं मला "वजन छान आहे" असंच सांगत आले, तपासणीच्या कागदावर हिरवी खूण. मग शुगर सीमेवर निघाली आणि लिव्हरवर चरबी. त्या हिरव्या खुणेवर मी विसंबलो होतो. टेपने मला 28.9 दाखवलं तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खरं बोललं गेलं. आणि तुम्ही दशांश चिन्हावर अडून बसलाय.

खडूस: हे मान्य करावंच लागेल. तुमच्या बाबतीत बीएमआय साफ फसलाय आणि टेप बरोबर बोलली. नुसत्या बीएमआयवर भरवसा नको यासाठी याज्ञिक आणि यूडकिन या दोन संशोधकांचा 2004 सालचा लान्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला फोटो पुरे आहे, दोघांचा बीएमआय 22.3, पण यूडकिनच्या अंगात 9.1 टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या 21.2. बीएमआयची वकिली मी करतच नाहीये.

पण तुम्हाला सावध केलं ते त्या टक्क्याने नाही, कंबरेने केलं. 98 भागिले 172 म्हणजे 0.57, निम्म्याच्या बरंच वर. एवढ्यानेच कळत होतं. आरएफएम तोच भागाकार उलटा करून टक्क्यांच्या कपड्यात देतं, त्यात नवी माहिती काहीच येत नाही. पुरुषांची रांग 0.57 वरून लावा नाहीतर 28.9 वरून, क्रम तोच.

धावता_धोटा: लोकांना 0.57 कळत नाही, टक्के कळतात. मला कळले म्हणून मी हललो. आणि दर आठवड्याला मोजतोय, 28.9 वरून 28.2 वर आलोय, ते पण खोटं का?

खडूस: 0.7 म्हणजे कंबर 98 ची 96. दोन सेंटिमीटर जेवणाआधी-जेवणानंतर, श्वास धरून-सोडून, टेप जरा तिरपी झाली तरी होतात. महिन्याने त्याच वेळी, त्याच खुणेवर 94 भरली तर चरबी उतरतेय असं मी बिनदिक्कत म्हणेन.

धावता_धोटा: ठीक आहे, महिन्याने मोजतो. हाडावर. पण टक्के लिहिणारच.

मिताली: मशीनचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडच्या वजनकाट्यात चरबीचा टक्का दिसतो, त्यात वय, उंची विचारतात आणि "अ‍ॅथलीट" असं एक बटण आहे. ते दाबलं की त्याच पायांनी उभी राहून माझी चरबी धाडकन उतरते. मग हे सूत्र त्याहून वाईट कसं?

खडूस: त्याहून वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तो काटा पायातून वीज सोडून पाण्याचा अंदाज घेतो आणि उरलेलं त्याच्या पोटातल्या सूत्राने भरतो. ते सूत्र तुम्हाला दिसत नाही, आरएफएमचं निदान समोर लिहिलेलं आहे. वूलकॉट आणि बर्गमन यांनीच नंतर मृत्यूच्या जोखमीवरून बायकांना 40 आणि पुरुषांना 30 अशी लठ्ठपणाची रेघ सुचवली, तिच्याशी तुमचे 39.3 ताडून बघा, पण रेघेच्या अलीकडे म्हणून निर्धास्त होऊ नका. मूळ अभ्यासात गोरे, काळे आणि मेक्सिकन वंशाचे अमेरिकन असे गट तपासलेत, आशियाई लोक वेगळे काढलेले नाहीत. आपल्यासारख्या शरीराला तीच रेघ लागू पडेल असं धरून चालायचं कारण नाही.

रानवारा: आता आलात ना शेवटी "लागू पडेलच असं नाही" वर. मग इतका वेळ हाड शोधायला का लावलंत?

तिसरा_मजला: एक खराखुरा प्रश्न, भांडण नको. आई 78 ची आहे, पाठीला बाक आलाय, पूर्वी 160 होती, आता भिंतीला टेकून 154 भरते. कंबर 90. कुठली उंची घालू? 160 ने 40.4 येतं, 154 ने 41.8. एक ग्रॅमही चरबी न वाढता टक्का वाढला की.

खडूस: सर्व्हेत त्या दिवशी उभं करून मोजलेली उंचीच होती, म्हणून नियमाने 154. पण मणके दबून उंची गेली की पोट पुढे ढकललं जातं, त्यामुळे तुमचे 90 सुद्धा निखळ चरबीचे नाहीत. आईंच्या वयात मी आधी त्या खुर्चीतून हात न टेकता उठतात का ते बघेन, कारण स्नायू गेलेले या सूत्राला अजिबात दिसत नाहीत.

तिसरा_मजला: हात टेकूनच उठते. दोन्ही.

पावसाळी: दादा, मग टेप राहू दे, ते डॉक्टरांना आधी सांगा.